जुनी स्कूटर विजेवर नेण्याआधी

माझ्या २०१० सालच्या स्कूटरचं इंजिन तेल खायला लागलं होतं, पण सांगाडा शाबूत होता. इलेक्ट्रिक किट बॅटरीसकट सत्तर हजारांत बसवून देतो, असं एका गॅरेजवाल्याने सांगितलं. मान्यतेचं विचारलं तर म्हणाला, "कागद आसा, काका." कागद खरा होता, पण मोटारसायकलच्या किटचा. एआयएस-१२३ या मानकाखाली पुण्याच्या एआरएआयसारखी संस्था किट तपासते, तेही ठरावीक मॉडेलपुरतं. ठाण्याच्या गोगोए१ कंपनीने २०२१मध्ये मान्यताप्राप्त किट आणलं, ते स्प्लेंडरचं. ते दाखवून स्कूटरचं काम भागत नाही.

कारण दोन्हींची बांधणी वेगळी. मोटारसायकलचं इंजिन सांगाड्यात बसतं आणि मागचं चाक वेगळ्या स्विंग आर्मवर असतं. इंजिन काढलं तरी चाक जागेवर राहतं. बहुतेक गिअरलेस स्कूटरमध्ये मात्र इंजिन, बेल्टचा डबा आणि मागचं चाक मिळून एकच सलग भाग असतो. इंजिन काढलं की चाकाचा आधारच जातो. मग हब मोटरसाठी नवा स्विंग आर्म लागतो. तो गॅरेजात वेल्डिंग करून बनवला, तर ब्रेक आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा सगळा भार त्या जोडावर येतो. जोडाजवळ रंगाला बारीक चीर दिसली किंवा मागचं चाक डोलायला लागलं, तर गाडी तिथेच थांबवावी.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. ६० व्होल्ट, ३० अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे १.८ युनिट. त्यातली ८० टक्के वापरली आणि किलोमीटरला ३५ वॅट-अवर धरले, तर साधारण ४० किलोमीटर होतात. मालवणातल्या मालवणात पुरेल; कुडाळला जाऊन परतायचं तर पुरणार नाही. शिवाय खारा वारा आणि पावसाळा कनेक्टरला हिरवा गंज चढवतात. गंजलेला जोड तापतो, प्लास्टिक वितळतं. म्हणून बॅटरीला एआयएस-१५६ची मान्यता आणि आयपी६७ संरक्षण आहे का, ते पाहावं. चार्जर त्याच बॅटरीचा हवा, आणि रात्री झोपल्यावर चार्जिंग नको.

पेट्रोलच्या तुलनेत किलोमीटरला सुमारे दोन रुपये वाचतात. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरलात तर बारा हजार. सत्तर हजार निघायला जवळपास सहा वर्षं लागतील, आणि तोवर बॅटरीही थकलेली असेल. माझ्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली होती, म्हणजे नूतनीकरणाचा खर्च वेगळाच.

मी किट बसवलं नाही. तुम्ही बसवणारच असाल, तर आधी तुमच्याच मॉडेलचं मान्यतापत्र मागा आणि ते घेऊन ओरोसच्या आरटीओ कार्यालयात विचारा. बसवल्यावर आरसीवर इंधनाचा बदल नोंदवा आणि विमा कंपनीला कळवा. नोंद नसेल तर अपघातात दावा अडकतो. मॉडेलचं मान्यतापत्र मिळत नसेल, तर विसारही देऊ नका.