कंपनीला दर कळवताना

मी मराठी स्वयंपाकाचा छोटा यूट्यूब चॅनेल चालवते. एका मसाला कंपनीचा ईमेल आला: व्हिडिओत मिनिटभर आमचा मसाला दाखवा, ८,००० रुपये आणि मसाल्यांचा संच देऊ. खाली दोन अटी होत्या. तो भाग आम्ही जाहिरातींत कायम वापरू, आणि तीन महिने दुसऱ्या कुठल्या मसाल्याचं नाव घ्यायचं नाही. त्या ईमेलला उत्तर देताना जे उमगलं ते असं.

१. सबस्क्राइबरचा आकडा दरासाठी उपयोगाचा नाही. मी शेवटचे दहा व्हिडिओ घेतले, पहिल्या ३० दिवसांतले व्ह्यूज उतरत्या क्रमाने लिहिले आणि मधल्या दोन आकड्यांचा मध्य धरला: १८,०००. सगळ्यांची सरासरी काढली असती तर एका गाजलेल्या व्हिडिओने ती फुगवली असती आणि पुढच्या व्हिडिओला कंपनीची निराशा झाली असती. सोबत प्रेक्षक कुठले आहेत, हे दाखवणारा स्टुडिओतला स्क्रीनशॉट जोडला. मसाला महाराष्ट्रात विकायचा असेल, तर तिथला प्रेक्षक हीच माझी जमेची बाजू.

२. एकच रक्कम सांगू नका, मागणी सुटी करा. कंपनीने एकाच रकमेत तीन गोष्टी मागितल्या होत्या. मी लिहिलं:

"व्हिडिओतला ६० सेकंदांचा भाग: १८,००० रुपये (एका व्ह्यूला एक रुपया, हा माझा हिशेब). तो भाग तीन महिने तुमच्या जाहिरातींत वापरायचा असल्यास आणखी ५,०००. एक महिना दुसऱ्या मसाल्याची जाहिरात न घेण्याचे ४,०००. स्क्रिप्टमध्ये एकदा बदल याच दरात; चित्रीकरणानंतरच्या बदलाचे पैसे वेगळे."

"कायम" हा शब्द मी मुद्दाम गाळला. माझा चेहरा पाच वर्षांनीही त्यांच्या जाहिरातीत फिरत राहिला, तर तेव्हाची दुसरी मसाला कंपनी मला काम कशाला देईल?

३. त्यांचं उत्तर आलं: बजेट १६,००० च आहे. अशा वेळी दर न उतरवता काम कमी करावं. मी कळवलं, "१६,००० मध्ये ४० सेकंद, जाहिरातीचे हक्क नाहीत, दुसऱ्या कंपन्यांवर बंदी नाही." त्यांनी मान्य केलं. नुसती सूट दिली असती, तर पुढच्या वेळी बोलणी त्या सुटीपासूनच सुरू झाली असती.

४. प्रायोजकत्वाची खूण लपवा, अशी विनंती आली तर तिच्यावर घासाघीस नाही. जाहिरात असल्याचं स्पष्ट सांगणं 'आस्की'च्या नियमांत आहे, आणि यूट्यूबवरही ती नोंद करावी लागते.

५. पैशांची वेळ ईमेलमध्येच ठरवा: निम्मे चित्रीकरणाआधी, उरलेले व्हिडिओ आल्यापासून १५ दिवसांत. "मोहीम संपल्यावर" असं लिहून आलं, तर मोहीम कोणत्या तारखेला संपते ते विचारा. टीडीएस कापून रक्कम येणार असेल, तर हातात किती पडतील ते आधीच मोजा, आणि कापलेला कर आपल्या पॅनवर जमा दिसतो का ते आयकराच्या पोर्टलवर तपासा.