हेम्प धूत राहा, ज्यूट कोरडं ठेव

पोरी, बोरिवलीच्या नव्या घरासाठी ज्यूटचे पडदे आणि उशांचे अभ्रे घेतलेस, स्वतःसाठी हेम्पचा कुर्ता घेतलास, हे छान केलंस. पण दोन्ही खरखरीत लागतात म्हणून दोन्ही एकाच बादलीत भिजवू नकोस. गिरणीच्या प्रोसेसिंग खात्यात उमेदवारी केली तेव्हा आमचे जुने जॉबर पहिल्याच आठवड्यात बजावायचे: हात लावून धागा ओळखू नये, भिजवून ओळखावा.

कापडाच्या कडेचा एक धागा काढ आणि त्याचे दोन तुकडे कर. एक कोरडाच ओढून तोड, दुसरा दहा मिनिटं पाण्यात ठेवून मग ओढ. हेम्प ओला झाला की उलट चिवट होतो. ज्यूट ओलं झालं की ताकद गमावतं, तुकडा सहज हातात येतो. पुढचं सगळं या एका फरकावर आहे.

दोन्ही धागे झाडाच्या सालीतून निघतात, पण घडण वेगळी. ज्यूटच्या एकेका पेशीची लांबी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. अशा असंख्य पेशी लिग्निन नावाच्या लाकडी द्रव्यानं आणि इतर डिंकासारख्या द्रव्यांनी एकमेकींना चिकटलेल्या असतात, म्हणून लांब धागा तयार होतो. ज्यूटमध्ये लिग्निन साधारण बारा ते चौदा टक्के असतं. तोच त्याचा खरखरीतपणा आणि तोच त्याचा आधार. ते लिग्निन काढायला गेलीस तर मऊ कापड मिळणार नाही, भुसा मिळेल. हेम्पच्या पेशी ज्यूटच्या कित्येक पट लांब आणि लिग्निन फारच कमी. त्यामुळे धुण्यावापरण्यात त्याचे तंतू सुटे होत जातात, धागा मात्र टिकतो.

आता कुर्ता. आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजव, म्हणजे विणताना लावलेली खळ निघते. बराचसा कडकपणा त्या खळीचाच असतो. सकाळी कोमट पाण्यात सौम्य साबणानं धू, मशीन अर्धंच भर आणि पिळू नकोस. सावलीत वाळत घाल आणि किंचित ओलसर असतानाच उतरव. दोन्ही खांदे धरून जोरात झटक, बाह्या तळहातांत चोळ, मग उलट्या बाजूनं इस्त्री कर. पूर्ण वाळू दिलास तर तंतू एकमेकांना चिकटून बसतात आणि कापड पुठ्ठ्यासारखं होतं. पहिल्या धुण्यात फार फरक दिसणार नाही. चार-सहा धुण्यांनंतर मानेला लागणारी टोच जाते. घडी दर वेळी वेगळ्या रेषेवर घाल, एकाच जागी मोडत राहिलं की हेम्प तिथेच विरतो.

धुऊनही कापड ताठच राहिलं, तर पाणी बघ. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी आलं, की बादलीत फेस धरत नाही आणि साबणाची पांढरट साय कापडात बसते. अशा वेळी साबण वाढवू नकोस. शेवटच्या खळबळण्याच्या बादलीत दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाक, मग साध्या पाण्यातून काढ. बाजारातलं सॉफ्टनर मात्र नको. त्याचा थर बसतो, हाताला मऊ लागतं, पण घाम टिपायचा गुण जातो, आणि मुंबईच्या उकाड्यात तोच तर हवा.

ज्यूटची गोष्ट उलटी. गिरणीत तीव्र कॉस्टिक सोड्यानं ज्यूट लोकरीसारखं कुरळं करतात, पण त्यात ताकद घटते आणि ते घरी करायचं काम नव्हे, हात भाजतील. नव्या ज्यूटला रॉकेलसारखा वास येतो, तो कातताना लावलेल्या तेलाचा. आठवडाभर वाऱ्यावर, सावलीत टांग, उतरतो. उन्हात नको, लिग्निनमुळे ज्यूट तपकिरी पडतं. खरखर जाणार नाही हे धरूनच चाल. अभ्र्याला आतून मांजरपाटाचं अस्तर लाव आणि गालाला लागेल त्या बाजूला सुती कापड घे. डाग पडला तर गार पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्यानं टीप आणि लगेच पंख्याखाली आडवं वाळव.

पावसाळ्यात ज्यूट हवेतलं पाणी भरपूर शोषतं. जूनच्या आधीच पडदे उतरव, ब्रशनं झटकून कोरड्या माळ्यावर ठेव. काळे ठिपके आणि कुबट वास म्हणजे बुरशी. ती धाग्याच्या आत शिरली की धुऊन निघत नाही.

लेबलवर नुसतं ‘नैसर्गिक धागा’ लिहिलेलं असलं, तर घेऊ नकोस. घाटकोपरला बीटीआरएसारख्या प्रयोगशाळेत व्यापारी मिश्रणाचं प्रमाण तपासून घेऊ शकतात, तेव्हा दुकानदाराला टक्केवारी विचारायला संकोचू नकोस. अंगावर घालायचं असेल तर हेम्प किंवा हेम्प-सुती मिश्रण घे. ज्यूट पडद्याला, पायपुसण्याला, पिशवीला ठेव.