ऑक्सिजन ७६ वर उतरतो, मग घरी ऑक्सिजनच का लावू नये?

प्रश्न : माझे यजमान ५२ वर्षांचे आहेत. घोरणं फार वाढलं म्हणून झोपेची तपासणी केली. डॉक्टरांनी सीपॅप मशीन सुचवलंय. हे म्हणतात, ‘मला एकदाही जाग येत नाही, मशीन कशाला?’ मला मात्र ‘किमान ऑक्सिजन ७६ टक्के’ वाचून धडकी भरली. मशीनऐवजी घरी ऑक्सिजन लावला तर? अहवाल सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : हे उत्तर दोघांनी एकत्र वाचा.

आधी अहवालातला ‘एएचआय ३४’ बघा. सहा तासांच्या झोपेत २०४ वेळा श्वास किमान दहा सेकंद थांबला किंवा फार उथळ झाला. म्हणजे तासाला ३४ वेळा. पाचच्या आत असेल तर ठीक, तिशीच्या पुढे गेला की आजार तीव्र. श्वास अडला की बहुधा मेंदू काही सेकंद जागा होऊन घसा उघडतो. ती जाग इतकी छोटी असते की सकाळी आठवत नाही. त्यामुळे तुमचे यजमान खोटं बोलत नाहीत. पण दुपारी खुर्चीत डोळा लागतो का, हे त्यांना विचारा.

७६ हा रात्रीतला एकच क्षण आहे. बोटावरचा चिमटा सरकला तरी असा आकडा येऊ शकतो. इथे तसं वाटत नाही, कारण तुमच्या आलेखात ऑक्सिजनची रेघ करवतीच्या दातांसारखी खालीवर होते आणि प्रत्येक दात श्वास अडल्यानंतरच येतो. शिवाय ऑक्सिजन ९० च्या खाली एकूण ४२ मिनिटं होता. मला ७६ पेक्षा या ४२ मिनिटांची काळजी जास्त वाटते.

आता तुमचा खरा प्रश्न. छातीचे आणि पोटाचे पट्टे सांगतात की श्वास घेण्याची धडपड चालू होती, पण नाकाशी हवा नव्हती. म्हणजे खोलीत ऑक्सिजन कमी नाही, घसा मिटतोय. बंद दारातून ऑक्सिजन आत जाणार कसा? उलट नुसत्या ऑक्सिजनने आकडा सुधारलेला दिसतो, पण श्वासाची अडवणूक लांबू शकते आणि कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. सीपॅप खोलीतलीच हवा दाबाने देऊन घसा उघडा ठेवतं.

कुशीवर झोपल्यावर त्यांचा एएचआय १४ होता, उताणं ५२. कुशीची सवय जरूर लावा, पण १४ सुद्धा पुरेसा कमी नाही. वजन घटवणं आणि रात्रीची दारू बंद करणं हे मशीनसोबत, मशीनऐवजी नव्हे.

पहिल्या आठवड्यात अनेक जण हवा गळते म्हणून मास्क काढून टाकतात. फुसफुस ऐकू आली, सकाळी तोंड कोरडं पडलं किंवा डोळे चुरचुरले, तर मास्कचं माप बदलून घ्या. पट्टे करकचून आवळू नका. महिन्याने मशीनमधली नोंद डॉक्टरांना दाखवा. त्यात उरलेला एएचआय पाचच्या खाली आहे का आणि रोज किती तास वापर झाला, हे दोन्ही विचारा. तोवर झापड येत असेल तर त्यांना गाडी चालवू देऊ नका.