गोषवारा आणि मूळ शोधनिबंध : पडताळणी कशी करावी?

उद्दिष्ट : या घटकाच्या अभ्यासानंतर गोषवाऱ्यातील विधान मूळ निबंधातील कोणत्या भागांशी ताडून पाहावे, हे आपणांस सांगता येईल.

विवेचन

गोषवारा खोटा असतोच असे नाही. परंतु जागेअभावी तो निवडक असतो. काय गळले, हे मात्र त्यातून कळत नाही. आपल्या परिसरातील एक उदाहरण पाहू. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. तो २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत यादृच्छिक विभागणी केली होती. तीन गटांत अनुक्रमे एचपीव्ही चाचणी, पेशी-तपासणी आणि ॲसिटिक आम्ल लावून केलेली दृश्य तपासणी झाली. चौथा तुलनेचा गट होता.

गोषवारा सांगतो की, एचपीव्ही गटात मृत्यू लक्षणीय घटले. इतर दोन तपासण्यांत लक्षणीय घट आढळली नाही. यावरून ‘दृश्य तपासणी निरुपयोगी’ असा निष्कर्ष वाचक सहज काढतो. तो तपासण्यासाठी तीन भाग वाचावेत.

१. निष्कर्षांचे कोष्टक. दृश्य तपासणीच्या गटात मृत्यूच्या धोक्याचे तुलनेच्या गटाशी गुणोत्तर ०.८६ असून त्याचा विश्वास-अंतराल ०.६० ते १.२५ आहे. म्हणजे मृत्यू ४० टक्क्यांनी घटणे आणि २५ टक्क्यांनी वाढणे, या दोन्ही शक्यता या आकड्यांशी विसंगत नाहीत. ‘परिणाम सिद्ध झाला नाही’ आणि ‘परिणाम नाही’ ही दोन वेगळी विधाने होत.

२. मूळ संख्या. एचपीव्ही गटाचे गुणोत्तर ०.५२, म्हणजे मृत्यूचा धोका जवळजवळ निम्मा. प्रत्यक्षात ३४,१२६ स्त्रियांत ३४, तर तुलनेच्या गटात ३१,४८८ स्त्रियांत ६४ मृत्यू झाले. दर दहा हजारी हे प्रमाण सुमारे १० व २० पडते. लाभ खरा आहे; त्याचे आकारमान मात्र संख्येतूनच समजते.

३. अभ्यासपद्धती. येथे ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांची तपासणी एकदाच झाली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दृश्य तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत झाली आणि मृत्यूत ३१ टक्के घट आढळली. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. पण तपासणीच्या फेऱ्या व परिस्थिती भिन्न असल्याने त्यांची सरळ तुलना करता येत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘लक्षणीय घट आढळली नाही’ या वाक्याचा अर्थ ठरवताना विश्वास-अंतराल का पाहावा?
२. गोषवाऱ्यात केवळ गुणोत्तर दिले असल्यास कोणत्या दोन संख्या शोधाल?