पोहोचलो, आवडलं, पुढे असं झालं : आभार कधी कळवावेत?



या वेळचा पाठ घरात सगळ्यांनी मिळून वाचावा असा आहे. विषय छोटा वाटेल, पण यावरून घराघरांत अबोला झालेला आहे. कुणी आपल्यासाठी काही केलं, तर आभार किती दिवसांत कळवावेत? आणि वेळ निघून गेली असेल, तर उशिरा कळवून काही उपयोग होतो का?

आपण उज्जैनचे लोक, त्यामुळे या प्रश्नाची एक बाजू आपल्याला चांगली माहीत आहे. महाकालच्या दर्शनाला पुण्या-नाशिकचे पाहुणे वर्षभर येत असतात. २०१६ च्या सिंहस्थात तर कित्येकांच्या घरी महिनाभर अंथरुणं उचललीच गेली नव्हती. आता २०२८ चा सिंहस्थ येतो आहे. पाहुणे रिक्षात बसून स्टेशनकडे गेले की यजमानाच्या मनात काय चालतं, ते आठवून बघा.

पहिला प्रश्न असतो, *"नीट पोहोचले का?"* दोन दिवसांनी दुसरा येतो, *"आपल्याकडे त्यांना बरं वाटलं ना? काही कमी तर पडलं नाही?"* आणि ज्या कामासाठी ते आले होते, त्याचं *"पुढे काय झालं?"* हा तिसरा. आभाराची वेळ ठरवायची ती या तीन प्रश्नांवरून. समोरच्याच्या मनात आत्ता कोणता प्रश्न आहे, ते ओळखायचं आणि त्याचं उत्तर द्यायचं.

*पहिला प्रश्न : पोहोचलं का?*

याचं उत्तर त्याच दिवशी जायला हवं. पूर्वी घरी पोहोचल्यावर लोक "सुखरूप पोहोचलो" असं पोस्टकार्ड टाकत. त्यात आभार हा शब्दही नसायचा, पण काळजी मिटायची. आजही तेच आहे. गाडीतून उतरल्यावर दोन शब्द टाकले तरी पुरतात.

कुणी मुलीच्या वाढदिवसाला मोबाइलवरून पैसे पाठवले, कुरिअरने साडी पाठवली, तरी हाच नियम. पाठवणारा आभाराची वाट पाहत नसतो. वस्तू बरोबर हातात पडली की भलत्याच नंबरवर गेली, ही त्याची चिंता असते. म्हणून इथे तासाभरात "मिळाले" कळवावं. आठ दिवसांनी सुंदर मजकूर लिहिला तरी त्याचा उपयोग नाही, कारण तोवर त्यांनी बिचकत बिचकत स्वतःच फोन करून विचारलेलं असतं.

*दुसरा प्रश्न : मनासारखं झालं का?*

हा प्रश्न श्रम करणाऱ्याच्या मनात असतो. लग्नात कोठीघर सांभाळणारे मामा, मुंजीत चाळीस पानं वाढणारी आत्या, बाळंतिणीसाठी लाडू करून पाठवणारी शेजारीण. इथे त्याच रात्री घाई नको, सगळेच दमलेले असतात. दोन-तीन दिवसांनी, फार तर आठवड्यात, फोन करावा. तोवर त्यांचे पाय दुखायचे थांबलेले असतात आणि कार्यातल्या गोष्टी ताज्या असतात.

इथे एक चूक नेहमी होते. कुटुंबाच्या ग्रुपवर "सर्वांचे मनःपूर्वक आभार" आणि खाली फुलांचं चित्र. जे जेवून गेले त्यांच्यासाठी ते ठीक आहे. मामांसाठी नाही. मामांनी ऐनवेळी साखर संपल्यावर कुणाला कळू न देता दुकान उघडायला लावलं होतं. ते तुम्हाला माहीत आहे, एवढंच त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं असतं. आहेराची वही जवळ घेऊन बसलात, तर कुणी काय दिलं हेही नावानिशी सांगता येतं. ज्याच्या कामाचं नाव घेता येतं, त्याला स्वतंत्र फोन करावा.

*तिसरा प्रश्न : पुढे काय झालं?*

कुणी नोकरीसाठी शब्द टाकला, डॉक्टरांची ओळख करून दिली, मुलाचं गणित घेतलं. इथे आभार दोनदा जायला हवेत. एकदा लगेच, एक-दोन दिवसांत, आणि एकदा निकाल लागल्यावर. आपण पहिल्यांदा कळवतो आणि दुसरं विसरतो. निकाल वाईट असला तर मुद्दामच टाळतो. पण नोकरी नाही मिळाली तरी कळवायला हवं, कारण त्यांनी कुणाकडे तरी शब्द टाकलेला असतो.

दुःखाच्या घराला मात्र यातला कोणताच हिशेब लागू नाही. तेराव्यापर्यंत त्या घराकडून कुणी उत्तराची अपेक्षा ठेवत नाही, ठेवूही नये. पहिल्या दिवशी पिठलं-भात आणणाऱ्या शेजारणीला महिन्याने सांगितलं, तरी ते वेळेवरच आहे.

*आता उशिराचं*

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. २०१९ च्या फेब्रुवारीत बाबांची बायपास मुंबईला झाली. आम्ही मामेभावाकडे सव्वीस दिवस राहिलो. दोन खोल्यांचं घर, त्यांची माणसं चार आणि आम्ही तिघं. वहिनी पहाटे साडेपाचला उठून बाबांसाठी कमी मिठाची वेगळी भाजी करायच्या आणि डबा माझ्या हातात द्यायच्या. परतताना अवंतिका एक्सप्रेसने सकाळी उज्जैनला उतरलो आणि "पोहोचलो" कळवलं. नंतर निवांत सविस्तर लिहू म्हटलं. मग बाबांचं पथ्यपाणी, मग करोना. वर्ष गेल्यावर वाटायला लागलं, आता काय तोंडाने लिहायचं? जितका उशीर, तितकं पत्र मोठं आणि चांगलं हवं असं वाटायचं, आणि म्हणून ते होतच नव्हतं.

२०२३ च्या पावसाळ्यात त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. नुसती मोबाइलवर, फोन नाही. ते मला लागलं, आणि त्याच रात्री लिहायला बसलो.

पहिल्या मसुद्यात अर्धं पान कारणंच होती. शेवटी एक ओळ होती, "बाबांच्या त्या डॉक्टरांचा नंबरही पाठवून ठेवा." हिने वाचलं आणि म्हणाली, "ही ओळ काढा. चार वर्षांनी आठवण आली ती नंबरासाठी, असंच वाटेल त्यांना." तिचं बरोबर होतं. आभाराला मागणी जोडली की आभार म्हणजे मागणीची प्रस्तावना होते. कारणंही काढली, कारण ती वाचून त्यांनाच माझं समाधान करावं लागलं असतं. शेवटी जे गेलं ते एवढंच :

"वहिनी, हे चार वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. राहिलं, चूक माझी. तुम्ही सव्वीस दिवस पहाटे साडेपाचला उठून बाबांचा डबा करत होतात, ते मी विसरलेलो नाही. बाबा आता रोज सकाळी क्षिप्रेच्या घाटापर्यंत चालत जाऊन येतात. कमी मिठाची भाजी समोर आली की तुमचं नाव काढतात. उत्तर नाही दिलंत तरी चालेल, फक्त हे कळवायचं होतं."

यात चारच गोष्टी आहेत. उशीर एका वाक्यात कबूल केला, नेमकं काय केलं ते नावानिशी सांगितलं, त्याचं पुढे काय झालं ते कळवलं आणि काही मागितलं नाही.

रात्री दहाला फोन वाजला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आम्हाला वाटलं आमच्याकडूनच काही कमी पडलं. काकांना हवा तसा आराम नाही मिळाला, म्हणून तुम्ही रागावलात. म्हणून फोन करायला धीर होईना."

मला वाटत होतं, ते मला कृतघ्न समजत असतील. ते मात्र स्वतःलाच दोष देत होते. आपण गप्प राहिलो की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर समोरचा स्वतःच लावतो, आणि बहुतेक वेळा ते वाईट लावतो. उशिरा आलेला निरोप मागची चार वर्षं परत देत नाही, पण ते चुकीचं उत्तर पुसतो.

यावर अभ्यासही झाला आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांनी लोकांना कुणाला तरी आभाराचं पत्र लिहायला लावलं आणि वाचणाऱ्याला कसं वाटेल याचा अंदाज विचारला. मग वाचणाऱ्यांनाच विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा त्यांना आनंद जास्त झाला आणि अवघडलेपण कमी वाटलं. हा अभ्यास उशिरावर नव्हता, पण उशीर झालेला माणूस अडतो तो याच चुकीच्या अंदाजापाशी.

तिसऱ्या प्रश्नाला तर मुदतच नसते. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू यांना १९५७ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा त्यांनी आपले प्राथमिक शाळेतले शिक्षक लुई जर्मेन यांना पत्र लिहून आभार मानले. शाळा सुटून तीस वर्षं उलटली होती. मुलाचं पुढे काय झालं, हे शिक्षकाला तीस वर्षांनीही ऐकायचं असतं.

*उशिराने कुठे भागत नाही*

आपल्यामुळे कुणाला झळ बसली असेल, जसं जामीन राहिलेल्या माणसाला हप्ते भरावे लागले, तर तिथे आधी माफी आणि पैसे, आभार नंतर. भर कार्यात सगळ्यांची नावं घेतली आणि एकाचंच राहिलं, तर नंतर खासगीत बोलून पुरत नाही. जिथे राहिलं, त्याच लोकांसमोर ते घ्यावं लागतं. आणि ज्यांनी केलं ते माणूसच गेलं असेल, तर त्यांच्या मुलांना सांगावं. त्या माणसाला ते ऐकायला मिळणार नाही, पण मुलांना आपल्या आई-वडिलांची माहीत नसलेली एक गोष्ट मिळेल.

*या आठवड्यात घरी करायचं :* प्रत्येकाने एक नाव आठवावं, ज्यांना "पोहोचलो" कळवलं पण "पुढे असं झालं" कळवायचं राहिलं. चार ओळी लिहाव्यात. पाठवण्याआधी घरातल्या एकाला वाचायला द्याव्यात आणि त्यात कुठे मागणी शिरली आहे का, तेवढं पाहायला सांगावं.