एक वर्ष घरी, पण ठरवून

भोपाळच्या कोलार रोडवरच्या एका मराठी घराचं उदाहरण घेऊ. मुलगी इंजिनियर, वय पंचवीस, तीन वर्षं पुण्यात नोकरी. पगार हातात ६२,००० रुपये. तिला जर्मनीत मास्टर्स करायचं आहे. काम लॅपटॉपवरच असल्यामुळे ती म्हणते, वर्षभर भोपाळला राहते आणि पैसे साठवते. आईला आनंद होतो आणि बाबांना काळजी वाटते: नोकरीतली मुलगी घरी परतली, लोक काय म्हणतील? लोकांचं राहू द्या, आधी हिशोब मांडू.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं. पण व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे ११,९०४ युरो आधी एका बंद खात्यात दाखवावे लागतात. हे पैसे विद्यार्थ्याचेच असतात. तिथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो त्याला काढता येतात. युरो १०० रुपये धरला तर ही रक्कम जवळजवळ १२ लाख होते. कागदपत्रांची एपीएस तपासणी, भाषेची परीक्षा, व्हिसा, तिकीट आणि पहिल्या महिन्याची घराची अनामत यांसाठी आणखी २ लाख धरू. म्हणजे लागणार १४ लाख, आणि आज तिच्याकडे आहेत ३ लाख.

आता दोन्ही वाटा तपासू. पुण्यात भाडं, लाइट, जेवण, येणं-जाणं आणि शनिवार-रविवार मिळून तिचे महिन्याला ४०,५०० जातात, उरतात २१,५००. भोपाळात ती घरी १०,००० देणार, फोन-पेट्रोल ४,०००, जर्मनचा क्लास ३,००० आणि स्वतःसाठी ५,०००. खर्च २२,०००, शिल्लक ४०,०००. बारा महिन्यांत पुण्यात जमतात २ लाख ५८ हजार, घरी ४ लाख ८० हजार. घरी येण्याची खरी कमाई म्हणजे यांतला फरक, सव्वादोन लाखांच्या आसपास.

एवढ्यासाठी शहर बदलायचं? उत्तर कर्जाच्या नियमात आहे. शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत मालमत्तेचं तारण मागत नाहीत. त्यापुढे घर, प्लॉट किंवा मुदत ठेव गहाण ठेवायला सांगतात. मुलगी पुण्यातच राहिली तर तिच्या हाती ५ लाख ५८ हजार असतील आणि कर्ज लागेल ८ लाख ४२ हजार. घरी राहिली तर हाती ७ लाख ८० हजार आणि कर्ज ६ लाख २० हजार. पहिल्या वाटेवर बाबांच्या घराची कागदपत्रं बँकेत जातात, दुसऱ्या वाटेवर ती कपाटात राहतात. तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील. पण घरी राहण्याचं वर्ष अशी एखादी रेषा ओलांडू देतं का, हे आधी बघा. देत नसेल तर पुण्यातच खर्च आवरणं सोपं पडेल.

बोलणी आधी, सामान नंतर

या हिशोबात घरी द्यायचे १०,००० धरले आहेत आणि पहिला अडथळा तिथेच येतो. रविवारी पोहे खाता खाता मुलगी विषय काढते. आई लगेच म्हणते, "अगं, घरच्या लेकीकडून पैसे घ्यायचे? काहीतरीच!" बाबा वर्तमानपत्रातून मान वर काढत नाहीत.

इथे मुलीने आकडा न रेटता खर्च मोजून दाखवावा. वाढीव किराणा आणि दूध ४,५००, उन्हाळ्यात दुपारभर चालणाऱ्या एसीमुळे वर्षाच्या सरासरीने वाढणारं वीजबिल १,५००, पोळ्यांना येणाऱ्या बाई २,५००, गॅस आणि इंटरनेट १,५००. आईला पैसे हातात घेणं जड जात असेल तर ही बिलं मुलीने थेट भरावीत. पोळ्यांच्या बाईंचा खर्च मात्र वगळू नये. नाहीतर मुलीची बचत आईच्या कमरेवर उभी राहते, आणि ते कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही.

"बाबांना भाडं द्या, टॅक्स वाचेल," असंही कुणी सुचवेल. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत नाही. शिवाय २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर करच लागत नाही. हिचा पगार त्याच्या आतला आहे, तेव्हा ती खटपट नको.

दुसरी अट बचतीची. महिनाअखेरी उरेल ते साठवू म्हटलं की उरत नाही. पगार झाल्या दिवशीच ४०,००० आवर्ती ठेवीत जावेत. पैसे वर्षभरात लागणार आहेत, म्हणून शेअर बाजारात घालू नयेत. ऐन व्हिसाच्या वेळी बाजार पडला तर थांबायला सवड नसते.

तिसरी अट या पैशांना हात कोण लावणार याची. चुलतभावाचं लग्न, छताची गळती, बाबांची तपासणी, यांतलं काहीतरी वर्षात येणारच. घरच्या अडीअडचणीचा निधी आई-बाबांचा वेगळा असावा. दवाखान्याची तातडी सोडून मुलीच्या ठेवीला कुणी हात लावू नये, आणि लावलाच तर परतफेडीचा महिना तेव्हाच ठरावा.

चौथी अट बोलायला अवघड, पण न बोलल्यास सगळ्यांत महाग. मुलगी घरात दिसली की स्थळं यायला लागतात. "नुसतं बघायला काय हरकत आहे?" या वाक्याने कित्येक घरांत अबोला धरला जातो. वर्षभर विषय बंद की मुलीला विचारूनच पुढे, हे आधी ठरवा. कामाच्या वेळेत दार लोटलेलं असेल तर ती ऑफिसात आहे असं धरायचं. उलट रात्री जेवायला नसेल तर तिने संध्याकाळी पाचच्या आत सांगायचं.

वर्ष कधी सुरू होतं

जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं. अनेक अभ्यासक्रमांची अर्जाची मुदत १५ जुलैला संपते, काहींची बरीच आधी. प्रवेश मिळाल्यावर बंद खातं भरायचं आणि मग व्हिसा. म्हणजे पैसे जूनअखेर तयार हवेत. आदल्या जुलैत घरी आली तर बारा पगार मिळतात. दिवाळी करून आली तर घरून आठच, आणि वरच्या गणितातली मोकळीक कमी होते: कर्ज सात लाखांच्या जवळ जातं. घरून काम करण्याची परवानगी कंपनीकडून लेखी घ्यावी. "चार महिन्यांत ऑफिसला या" असा मेल आला तर पुण्यात नव्याने अनामत भरावी लागेल.

वर्ष बिघडतंय हे कसं कळेल? स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या खुणांशेजारी, दर महिन्याच्या एक तारखेला जमलेली रक्कम लिहा. सलग दोन महिने ४०,००० जमले नाहीत तर तिघांनी बसून कारण शोधायचं. बहुधा ते बाहेरून मागवलेल्या जेवणात किंवा "घरी दिलेले पैसे वाचतातच" या समजात सापडेल. सहा महिन्यांनी १०,००० चा आकडाही पुन्हा तपासा. आईचा खर्च वाढला असेल तर तो वाढवावा.

प्रवेश मिळाला नाही तर काय, हेही पहिल्याच रविवारी ठरवावं. जुलैनंतर आणखी किती महिने घरी, आणि ठेवीचं काय करायचं. बाबांना बोलतं करणारा प्रश्न बहुतेक हाच असतो. वर्तमानपत्राची घडी घालून ते विचारतात, "बरं, आणि घराचे कागद बँकेत नाही ना जाणार?" मुलीने तेव्हा वही पुढे करावी. ८ लाख ४२ हजार खोडलेले, खाली ६ लाख २० हजार.