पितृपक्षातील व्यावसायिक संदेश : शब्दयोजना आणि औचित्य

भाद्रपद कृष्ण प्रतिपदेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंतचा काळ म्हणजे पितृपक्ष. या काळात वाहन, दागिने, घर यांसारखी मोठी खरेदी अनेक कुटुंबे टाळतात. ही खरेदी सहसा रद्द होत नाही. ती घटस्थापनेनंतर, बहुधा दसऱ्याच्या मुहूर्तावर होते. त्यामुळे या काळातील संदेशाने खरेदीचा आग्रह न धरता तिची तयारी सुलभ करावी.

एका दुचाकी विक्री दालनाच्या संदेशाचा पहिला मसुदा पाहा :

‘जुन्या समजुती सोडा! पितरांच्या आशीर्वादाने आजच गाडी घरी न्या. सवलत अमावास्येपर्यंतच!’

यात तीन दोष आहेत. पहिले वाक्य ग्राहकाच्या श्रद्धेला कमी लेखते. दुसरे वाक्य दिवंगतांच्या स्मरणाचा विक्रीसाठी वापर करते. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तेथे ते विशेष बोचते. तिसरे वाक्य श्रद्धा पाळणाऱ्याला सवलतीपासून वंचित ठेवते. ‘या काळात खरेदी शास्त्रसंमत आहे’ असा दावा करणेही योग्य नव्हे, कारण धर्मनिर्णय देणे हा विक्रेत्याचा अधिकार नाही.

आता सुधारित मसुदा पाहा :

‘नमस्कार. दसऱ्याला गाडी घेण्याचा विचार असल्यास मॉडेल व रंग आता निवांत पाहता येतील. टेस्ट राइड घ्या, कर्जासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी मागून घ्या. आगाऊ रक्कम आज भरण्याची गरज नाही. बुकिंग घटस्थापनेपासून सुरू होईल. हीच सवलत दसऱ्यापर्यंत राहील. आपणास गाडी आधी हवी असल्यास तीही उपलब्ध आहे.’

येथे ‘पितृपक्ष’ हा शब्दच नाही. वाचकाला संदर्भ कळतो, पण श्रद्धेवर भाष्य होत नाही. आगाऊ रकमेचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण काहीजण बुकिंगलाही खरेदीच मानतात. शेवटचे वाक्य ही प्रथा न पाळणाऱ्यांसाठी आहे. ‘आपणास हवी असल्यास’ या शब्दांमुळे निर्णय ग्राहकाकडेच राहतो.

मात्र शब्दांना व्यवहाराची जोड हवी. गाडी ताब्यात देण्यापूर्वी बिल, विमा आणि नोंदणी पूर्ण व्हावी लागते. बिलावर पितृपक्षातील तारीख पडली, तर दसऱ्याला गाडी मिळूनही ग्राहक नाराज होईल. म्हणून ही कामे नवरात्रात उरकता येतील असे नियोजन असेल, तरच दसऱ्याचे आश्वासन द्यावे. संदेश पाठवल्यानंतर ग्राहक ‘बिल कोणत्या तारखेचे?’ असे वारंवार विचारू लागले, तर मसुद्यात ही माहिती राहून गेली आहे असे समजावे आणि ती एका वाक्याने जोडावी.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : सराफी दुकानासाठी असाच संदेश पन्नास शब्दांत लिहा. त्यातील प्रत्येक क्रियापद आग्रह सुचवते की सोय, हे तपासा.